पौलाची वादग्रस्त पत्रं वाचायला घेताय? थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रापासून सुरुवात करा

नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावाने तेरा पत्रं आहेत. त्यांतल्या सातांबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही: रोम, करिंथची दोन, गलती, फिलिप्पै, थेस्सलनीकाचं पहिलं आणि फिलेमोन. उरलेल्या सहांवर वाद आहे. तीमथ्याची दोन आणि तीताचं पत्र पौलाने लिहिलेलं नाही असं चिकित्सक अभ्यासकांपैकी बहुतेक मानतात. इफिसबद्दलही बहुमत तिकडेच झुकतं, कलस्सैबद्दल थोडं कमी. थेस्सलनीकाच्या दुसऱ्या पत्रावर मात्र अजून खरोखर दोन तट आहेत. (इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लेखकाचं नावच नाही, म्हणून ते या हिशोबात धरत नाहीत.)

नवे विद्यार्थी बहुधा तीमथ्याच्या पत्रांपासून सुरुवात करतात, कारण तिथे उत्तर लवकर मिळतं. माझ्या मते हे उलटं आहे. उत्तर आधीच ठरलेलं असलं की युक्तिवाद तपासायची सवय लागत नाही. थेस्सलनीकाचं दुसरं पत्र अवघ्या 47 ओव्यांचं आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होतं आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे त्यात दम धरून आहेत.

मी केलं ते एवढंच. थेस्सलनीकाच्या दोन्ही पत्रांच्या प्रती काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि रंगीत पेन्सिली घेतल्या. शब्दशः सारखं ते लाल, कल्पना सारखी पण शब्द वेगळे ते निळं. ग्रीक येत असेल तर ग्रीकवरच करा. येत नसेल तरी मराठी बायबलवर पत्राचा सांगाडा दिसतोच. दोन्हीकडे पौल, सिल्वान आणि तीमथ्य यांच्या नावाने सुरुवात आहे. दोन्हीकडे उपकारस्तुती एकदा होऊन मध्येच पुन्हा येते, आणि असं दोनदा आभार मानणं पौलाच्या इतर पत्रांत नेहमीचं नाही.

लाल रंग सगळ्यात ठळक होतो तो पहिल्या पत्राच्या 2:9 आणि दुसऱ्याच्या 3:8 इथे. ‘तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम करत’ हा मजकूर ग्रीकमध्ये सलग दहा शब्द जसाच्या तसा आहे, आणि त्याआधीची ‘श्रम व कष्ट’ ही जोडीही तीच. विल्यम व्रेडे या जर्मन अभ्यासकाने 1903 साली नेमका हाच धागा धरला. त्याचा प्रश्न असा, की माणूस स्वतःचंच जुनं पत्र इतक्या क्रमवारीने, इतक्या बारकाईने परत का लिहील? दुसऱ्या कोणीतरी पहिलं पत्र समोर ठेवून हे रचलं असेल, तर सगळं नीट बसतं.

मी आधी याच मुद्द्यावर भाळलो होतो, पण तो दिसतो तितका निर्णायक नाही. दोन पत्रांत काही आठवड्यांचंच अंतर असेल, विषय तोच असेल आणि पहिल्याची नक्कल जवळ असेल, तर शब्दांची पुनरावृत्ती अस्वाभाविक नाही. खटकतो तो स्वर. पहिल्या पत्रात पौल स्वतःला लेकरांना जपणाऱ्या दाईसारखा म्हणवतो. दुसऱ्यात ‘तुमच्याबद्दल देवाचे आभार मानणं आमचं कर्तव्य आहे’ अशी कोरडी भाषा येते. शब्द तेच राहावेत आणि ऊब मात्र एवढ्यात निघून जावी, हे नवलाचं आहे.

दुसरा मुद्दा प्रभूच्या दिवसाचा, म्हणजे ख्रिस्त परत येण्याच्या दिवसाचा. पहिलं पत्र म्हणतं, तो दिवस रात्री चोर येतो तसा येईल. दुसरं म्हणतं, घाबरू नका, आधी धर्मत्याग होईल, अनीतीचा माणूस प्रकट होईल आणि देवाच्या मंदिरात बसेल. मग अचानक येणार की खुणा दाखवून येणार? पण मार्काचा तेरावा अध्याय उघडा. तिथे एकाच भाषणात खुणाही आहेत आणि ‘ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हेही आहे. त्या काळच्या यहुदी युगान्तविषयक लिखाणात हे दोन्ही सुखाने एकत्र नांदतात. म्हणून या मुद्द्याचं वजन मी कमी धरतो. मंदिराच्या उल्लेखावरून तर दोन्ही बाजू ओढाताण करतात. यरुशलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये पाडलं गेलं, तेव्हा पत्र त्याआधीचं, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, नंतरचा लेखक पौलाच्या काळाचं सोंग घेत असेल तर मंदिर उभं दाखवणारच.

सगळ्यात रंगतदार भाग सहीचा. 2:2 मध्ये लेखक बजावतो, की जणू आमच्याकडून आलेल्या पत्राने डळमळू नका. आणि शेवटी 3:17 मध्ये: हा नमस्कार मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, प्रत्येक पत्रात हीच माझी खूण. संशय घेणारे विचारतात, तोवर ‘प्रत्येक पत्र’ म्हणण्याइतकी पत्रं होती तरी कुठे? पहिल्या पत्रात अशी ओळ नाही. शिवाय पौलाच्या हयातीत, इतक्या लवकर त्याच्या नावाची बनावट पत्रं फिरत होती का? उलट बाजूचं उत्तरही तयार आहे. पौलाची काही पत्रं हरवली आहेत, करिंथच्या पहिल्या पत्रात (5:9) अशा एका आधीच्या पत्राचा उल्लेख आहे. आणि हस्ताक्षर मूळ कागदावर दिसतं, नकलेत नाही. गलतीकरांना तो ‘बघा किती मोठ्या अक्षरांत लिहितोय’ असं मुद्दाम सांगतो. दर वेळी सांगितलं नाही म्हणून दर वेळी लिहिलं नाही, असं होत नाही.

इथे लेखनिकाचा मुद्दा येतो. रोमकरांच्या पत्रात (16:22) तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःच नमस्कार सांगतो. मग शैलीतला फरक लेखनिकावर ढकलता येतो. येतो, पण जपून. हा उपाय प्रत्येक अडचणीवर लावला तर कुठलंही पत्र कोणाचंही ठरवता येईल. शब्दांच्या मोजणीबाबतही तेच. 47 ओव्यांत शब्दांची टक्केवारी काढून लेखक ठरवणं धाडसाचं आहे. तीमथ्य आणि तीत यांच्या पत्रांत मात्र मोजणीला जोर आहे. तिथल्या शब्दसंग्रहातला सुमारे एक तृतीयांश भाग पौलाच्या नावाच्या इतर दहा पत्रांत सापडत नाही, आणि दुसऱ्या शतकातल्या मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने केलेल्या पौलाच्या पत्रांच्या संग्रहात ही तीन पत्रं नव्हतीच. थेस्सलनीकाचं दुसरं पत्र मात्र त्यात होतं.

मंडळीतले वडीलधारे विचारतात, ‘म्हणजे बायबल खोटं म्हणायचं का रे?’ वर्गात याचं उत्तर बहुधा असं मिळतं, की गुरूच्या नावाने लिहिणं तेव्हा रूढ होतं, कोणी वाईट मानत नसे. हे मला पुरेसं वाटत नाही. इसवी सन 200 च्या सुमारास तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की आशिया या रोमन प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने पौलाच्या नावावर खपेल असं एक लिखाण रचलं. पकडल्यावर त्याने पौलावरच्या प्रेमापोटी केलं असं सांगितलं, तरी त्याला पद सोडावं लागलं. म्हणजे निदान काही मंडळ्यांना हे चालत नव्हतं. वडीलधाऱ्यांना मी तरी एवढंच म्हणतो, की लेखक कोण आणि मंडळीने ते पत्र शास्त्र म्हणून का स्वीकारलं, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवा.

हे झालं की तीच लाल पेन्सिल घेऊन इफिस आणि कलस्सै शेजारी ठेवा. इफिस 6:21-22 आणि कलस्सै 4:7-8 या पत्र घेऊन जाणाऱ्या तुखिकाबद्दलच्या ओळींपासून सुरुवात करा, तिथे लाल रंग जवळजवळ सलग लागतो. मग मागे येऊन इफिस 1:1 खालची तळटीप वाचा. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत ‘इफिस येथील’ हे शब्दच नाहीत, त्यामुळे तिथे लेखकाच्या आधी पत्र कोणाला लिहिलं हेच शोधावं लागतं.