वीजबिलातील युनिट आणि एकूण रक्कम तपासताना या चुका टाळा

बिल अपेक्षेपेक्षा जास्त आले की बहुतेकांचा पहिला संशय मीटर जोरात पळत असल्याचा असतो. तसे असूही शकते, पण महाराष्ट्रातील घरगुती बिलात गोंधळ बहुधा त्याआधीच, म्हणजे आकडा वाचण्यात आणि तो कोणत्या दिवसांचा आहे हे पाहण्यात झालेला असतो.

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास: हजार वॅटचे उपकरण पूर्ण एक तास चालले की जेवढी ऊर्जा लागते तेवढी. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, तर ७५ वॅटच्या पंख्याला त्यासाठी सुमारे तेरा तास लागतात. उपकरणावरचे वॅट केवळ वेग सांगतात. वेळेने गुणल्याखेरीज त्यांचे युनिट होत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा एकामागून एक निरनिराळे आकडे दाखवतो: तारीख, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी आणि वापर. यांपैकी ज्याच्या शेजारी kWh लिहिले आहे तोच आपला आकडा. kW किंवा kVAh च्या शेजारचा आकडा वाचून बिलाशी ताडला तर हिशोब कधीच जुळणार नाही. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये शेवटचा लाल अंक बहुधा युनिटचा दहावा भाग दाखवतो, तो धरला की वापर दहापट दिसतो.

आता एक उदाहरण पाहू. ५ मे रोजी रीडिंग ८४१२ आणि ४ जूनला ८६६९ असेल, तर वापर २५७ युनिट. बिलावर गुणक अवयवाचा रकाना असतो आणि साध्या घरगुती जोडणीत तो १ असतो. तिथे दुसरा आकडा दिसला तर आधी त्याचे कारण विचारावे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून पहिल्या टप्प्याचा दर ५ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपये मानू (प्रत्यक्ष दर बिलाच्या मागे किंवा दरपत्रकात पाहावेत). सर्व २५७ युनिटांना दहाने गुणून २५७० रुपये काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. पहिली १०० युनिटे ५ रुपयांनीच मोजली जातात, उरलेली १५७ दहाने, म्हणून वीज आकार ५०० अधिक १५७०, एकूण २०७० रुपये. यात स्थिर आकार, प्रत्येक युनिटवरचा वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवून त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लागते. मागील थकबाकी आणि व्याज वेगळे असते. चालू महिन्याच्या रकमेशी ते मिसळले की बिल फुगलेले वाटते.

खरी काळजी दिवसांची घ्यावी लागते. घर बंद असल्याने किंवा अन्य कारणाने रीडिंग झाले नाही, तर त्या महिन्याला सरासरीने बिल येते आणि पुढच्या प्रत्यक्ष रीडिंगमध्ये दोन्ही महिन्यांचा वापर एकत्र दिसतो. वरच्याच घरात ४ जूनचे रीडिंग चुकले आणि ४ जुलैला ८९२६ नोंदले गेले, तर ५१४ युनिटे साठ दिवसांची ठरतात. त्यामुळे टप्पेही दुप्पट व्हायला हवेत: पहिल्या दरात २०० आणि दुसऱ्यात ३१४. हेच ५१४ एका महिन्याचे धरले, तर ३०० च्या पुढची २१४ युनिटे महाग टप्प्यांत जातात. म्हणून दोन रीडिंगच्या तारखांमधले अंतर आधी मोजावे आणि सरासरी बिलाची आधी आकारलेली रक्कम वजा झाली आहे का, हे पाहावे.

आकडेमोड बरोबर असूनही वापर पटत नसेल, तर मीटरकडे वळावे. सोसायटीच्या मीटर खोलीत दोन सदनिकांच्या वायरी अदलाबदल होणे शक्य असते, म्हणून बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि घरातला मुख्य स्विच बंद करून त्या मीटरचा पल्सचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का, ते पाहावे. (वीजपुरवठा असल्याचे दाखवणारा दिवा चालूच राहतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये.) दिवा लुकलुकतच राहिला, तर वायर अदलाबदल झालेली असेल, मीटर आणि स्विच यांच्यामध्ये कुठेतरी भार जोडलेला असेल किंवा मीटर सदोष असेल. यापुढे वायरिंगला स्वतः हात लावू नये.

मीटरवर 3200 imp/kWh असे छापलेले असेल, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरते. बाकी सारे बंद ठेवून हजार वॅटचा हीटर लावला, तर दीड मिनिटात सुमारे ८० वेळा लुकलुकायला हवे. मात्र व्होल्टेज २३० ऐवजी २१० असेल, तर हीटरच कमी वीज घेतो आणि संख्या ६७ च्या आसपास येते. त्यामुळे पाच-दहा लुकलुकींच्या फरकावरून मीटरला दोषी ठरवता येत नाही. संख्या दीडपट-दुप्पट निघाली, तर मात्र मीटर चाचणीचा अर्ज करावा आणि त्यासोबत रीडिंगचे तारखेसह काढलेले फोटो जोडावेत.