ट्रायथलॉनचा टोटल टाइम असा काढा

ऑलिम्पिक डिस्टन्सचं टार्गेट काढताना स्विम, बाइक, रन एवढंच जोडू नका, टी१ आणि टी२ पण धरा, कारण ट्रान्झिशनमध्ये घड्याळ चालूच असतं. समजा स्विम ३४:५०, टी१ ३:२५, बाइक १:२२:४०, टी२ २:१५, रन ५८:५५. आधी फक्त सेकंद जोडा, १८५ येतात म्हणजे ३ मिनिटं ५ सेकंद, ते ३ हातचे घेऊन मिनिटं १२२ म्हणजे २ तास २ मिनिटं, त्यात बाइकचा १ तास, टोटल ३:०२:०५. ट्रान्झिशन विसरलात तर २:५६:२५ दिसेल आणि उगाच सब-३ वाटेल! एक्सेलमध्ये स्विम टाकताना 0:34:50 असंच टाका, नुसतं 34:50 टाकलं तर तो ३४ तास समजतो.