जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवताय? या चुका टाळा

पेनड्राइव्ह लावूनही लॅपटॉप सुरू झाला नाही की सगळा दोष लॅपटॉपवर जातो. ‘जुनाच तो, त्याच्यात काय दम राह्यला’ म्हणत तो परत कपाटावर ठेवला जातो. खरं तर बहुतेक वेळा घोळ लॅपटॉपपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो. लिनक्सची फाइल पूर्ण उतरलेली नसते, नाहीतर ती पेनड्राइव्हवर चुकीच्या पद्धतीने गेलेली असते. म्हणून शोध सुरुवातीपासून घ्या, लॅपटॉपपाशी सर्वांत शेवटी या.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं उदाहरण घेतो. माझ्या मावसभावाकडे कोअर २ ड्युओ प्रोसेसरचा लॅपटॉप होता. रॅम ४ जीबी, आत विंडोज ७. त्याला लिनक्स मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायची होती. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, त्यामुळे निवड बरोबर होती. पण त्याचा फोन आला, “दादा, पेनड्राइव्ह लावला तरी काहीच होऊन नाही राह्यलं. लॅपटॉपच गेला वाटते.”

मी आधी फाइल किती मोठी आहे ते विचारलं. तो म्हणाला, १.९ जीबी. मिंट २२.१ एक्सएफसीईची फाइल पावणेतीन जीबीच्या आसपास असते. पहिली चूक तिथेच सापडली.

फाइल अर्धीच उतरते

आपल्याकडे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा पॅक, आणि त्यात रोज दीड-दोन जीबी. मिंटची फाइल एका दिवसाच्या डेटात मावतच नाही. पॅक संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळपास दीड दिवस लागतो. मधेच टॉवर जातो, लाइन जाते, हॉटस्पॉट बंद पडतो. ब्राउझर कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कधी तुटलेली फाइलच पूर्ण म्हणून दाखवतो.

अशा नेटवर्कवर ब्राउझरच्या नादी न लागता तुकड्या-तुकड्याने फाइल उतरवणारं टोरेंट वापरा. मिंटच्या साइटवर टोरेंटची फाइल अधिकृतपणे मिळते. कॉम्प्युटरवर क्यूबिटटोरेंटसारखं सॉफ्टवेअर घेऊन ती उघडायची. आज दीड जीबी उतरलं, पॅक संपला की थांबवायचं, उद्या तिथूनच पुढे. प्रत्येक तुकडा उतरताना तपासलाही जातो, त्यामुळे खराब तुकडा आपोआप परत मागवला जातो.

ब्राउझरनेच उतरवली असेल तर नुसत्या साइझवर विसंबू नका. साइझ बरोबर असूनही आतला डेटा बिघडलेला असू शकतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा आणि हे टाइप करा:

```
certutil -hashfile linuxmint-22.1-xfce-64bit.iso SHA256
```

दोन-तीन मिनिटांत ६४ अक्षरांची ओळ येते, ती म्हणजे त्या फाइलचा ठसाच. डाउनलोडच्या पानावर `sha256sum.txt` नावाची फाइल असते, तिच्यात याच नावासमोरची ओळ बघा. दोन्ही सारख्या असल्या तरच पुढे जा. विंडोज ७ मध्ये दोन-दोन अक्षरांनंतर मोकळी जागा दिसते, तिची काळजी नको. पण एक जरी अक्षर वेगळं निघालं तर ती फाइल पेनड्राइव्हवर टाकण्यात अर्थ नाही. ही तपासणी लोक हमखास टाळतात आणि मग इन्स्टॉल करताना ६० टक्क्यांवर अडकून बसतात.

कॉपी-पेस्ट केलं म्हणजे पेनड्राइव्ह तयार झाला असं नाही

मावसभावाची दुसरी चूक हीच. त्याने ती `.iso` फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली होती. लॅपटॉप सुरू होताना पेनड्राइव्हवरचा बूट करणारा भाग शोधतो. कॉपी केल्याने तो भाग तयार होत नाही, पेनड्राइव्हवर फक्त एक मोठी फाइल पडून राहते. अशा वेळी लॅपटॉप बऱ्याचदा सरळ विंडोजमध्ये जातो किंवा `BOOTMGR is missing` असा संदेश देतो. ओळखायची सोपी खूण अशी: पेनड्राइव्ह उघडल्यावर एकच `.iso` फाइल दिसली, तर तो बनलेलाच नाही.

त्यासाठी रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा. मात्र रूफसच्या ४ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. विंडोज ७ साठी शेवटची आवृत्ती ३.२२, तीच शोधून घ्या. नाहीतर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नवीन कॉम्प्युटर असेल तर तिथे बनवा. पेनड्राइव्ह किमान ४ जीबीचा हवा, ८ जीबीचा असला तर निवांत. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा शेताच्या सातबाऱ्याची पीडीएफ आणि लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा.

रूफसमध्ये जुन्या लॅपटॉपसाठी निर्णायक जागा एकच: `Partition scheme`. तिथे `GPT` निवडलं तर पेनड्राइव्ह फक्त यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारी नवी यंत्रणा, असलेल्या मशीनसाठी बनतो. कोअर २ ड्युओच्या काळातले बहुतेक लॅपटॉप त्याआधीच्या बायोस या यंत्रणेवर चालतात, त्यांना तो चालत नाही. तिथे `MBR` ठेवा. `START` दाबल्यावर `ISO` की `DD` असं विचारलं तर आधी `ISO` घ्या. लॅपटॉप सुरू झाला नाही, तर पेनड्राइव्ह पुन्हा `DD` ने बनवून बघा. त्यानंतर विंडोज पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा का असं विचारू शकतं, तेव्हा `Cancel` करा. फॉरमॅट केला तर सगळी मेहनत वाया जाईल.

लॅपटॉप पेनड्राइव्हकडे बघतच नाही

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच लॅपटॉपकडे या. सुरू करताच बूट मेनूची की दाबायची: डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा `F12`, एचपीमध्ये `Esc` दाबून `F9`, एसरमध्येही `F12`, पण ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. विंडोज ८ किंवा १० असेल तर `Shut down` करून चालू करू नका, `Restart` घ्या. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केलेलं मशीन खरं तर पूर्ण बंद होत नाही.

मेनूतून पेनड्राइव्ह निवडल्यावर `This kernel requires an x86-64 CPU` अशी ओळ आली, तर प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि मिंट २२ त्यावर चालणार नाही. तिथे अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती घ्या. विंडोज ३२ बिटचं आहे म्हणून प्रोसेसरही तसाच असेल असं मात्र समजू नका. मावसभावाचंही विंडोज ३२ बिटचंच होतं, पण कोअर २ ड्युओ ६४ बिटचा असतो.

त्याने दोन रात्रींत टोरेंटने फाइल पूर्ण केली, ओळ जुळवली, `MBR` ठेवून पेनड्राइव्ह बनवला आणि मिंटचा डेस्कटॉप दिसला. त्याने लगेच `Install` कडे हात नेला, तिथे मी त्याला थांबवलं. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या या लाइव्ह डेस्कटॉपवर आधी आवाज, टचपॅड आणि वायफाय बघून घ्यायचं. त्याचं वायफाय दिसत नव्हतं. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप असली की असं होऊ शकतं. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं. मग `Driver Manager` उघडून ड्रायव्हर टाकता येतो. लाइव्हमध्ये टाकलेलं बंद केल्यावर राहत नाही, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर हेच पुन्हा करायचं. बॅटरी मेलेली असेल तर इन्स्टॉल सुरू करण्याआधी त्या दिवसाचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून घ्या. डिस्कचे भाग पाडताना लाइन गेली तर जुनं विंडोजही जाऊ शकतं आणि नवीन लिनक्सही हाती लागत नाही.