परदेशात दिवाळीच्या चकलीचा दर ठरवताना

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील बाजारभावाला विनिमय दराने गुणून लंडनमधल्या चकलीची किंमत ठरवू नये, मग गावाकडची मंडळी फोनवर काहीही सुचवोत. दर नेहमी एका पूर्ण घाण्यावरून काढावा. समजा, दोन किलो भाजणीच्या, तळून साधारण तीन किलो भरणाऱ्या चकलीसाठी लंडनच्या दुकानातील धान्य, मसाले आणि तेल यांना ११ पौंड, इंधनाला एक आणि डब्यांना तीन पौंड लागले. त्यात भाजण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या तीन तासांचे, ताशी १२ पौंडांप्रमाणे, ३६ पौंड मिळवले, तर एकूण ५१, म्हणजे किलोला १७ पौंड पडतात. तेलाच्या खर्चात चकलीत जिरलेल्या तेलाबरोबरच शेवटी टाकून द्यावे लागणारे तेलही धरावे; हिशेब बहुधा तिथेच चुकतो. कोल्हापूरहून कांदा-लसूण मसाला मागवून वापरला असेल, तर त्याची किंमत पार्सलच्या खर्चासह लावावी. तुटलेल्या चकल्या विकता येत नसल्याने भागाकार कच्च्या पिठाच्या वजनाने न करता डब्यात प्रत्यक्ष भरलेल्या वजनाने करावा.

पोहोचवण्याचा खर्च किलोच्या दरात मिसळू नये, कारण अर्धा किलो घेणाऱ्याकडेही तितकेच अंतर जावे लागते. एका फेरीत सहा घरे होत असतील आणि तासाभराच्या वेळेसह पेट्रोलचा खर्च १८ पौंड असेल, तर प्रत्येक घराला तीन पौंड वेगळे सांगावेत. स्वतः येऊन नेणाऱ्याकडून ते घेऊ नयेत.