महिनाअखेरचा खातेउतारा ग्राहकाला पाठवण्यापूर्वीची तयारी

कुपवाड एमआयडीसीतील पुठ्ठ्याचे बॉक्स तयार करणारा एक कारखाना तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला एप्रिलचा खातेउतारा पाठवणार आहे, असे धरून ही तयारी लिहिली आहे. रकमा उदाहरणापुरत्या आहेत.

सर्वप्रथम आरंभीची शिल्लक पाहावी. मार्चच्या उताऱ्याची अखेरची शिल्लक ६२,४०० रुपये नावे होती, तर एप्रिलचा उतारा त्याच आकड्याने सुरू झाला पाहिजे. तो जुळत नसेल, तर उतारा पाठवून झाल्यावर कोणीतरी मागच्या तारखेची नोंद केली किंवा बदलली आहे, असे समजावे आणि ती नोंद सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. आरंभच चुकला की पुढची प्रत्येक ओळ चुकते, आणि ग्राहकाचे दिवाणजी नेमके पहिल्याच ओळीवर बोट ठेवतात.

त्यानंतर महिन्यातील नोंदी तारीखवार लावून प्रत्येक ओळीपुढे चालू शिल्लक काढावी. आपल्या उदाहरणात ६ तारखेच्या ४८,३०० रुपयांच्या बिलाने शिल्लक १,१०,७०० झाली, १० तारखेला एनईएफटीने आलेल्या ६०,००० रुपयांनी ती ५०,७०० वर आली आणि १५ तारखेच्या ३६,७५० रुपयांच्या बिलाने ८७,४५० वर गेली. ६ तारखेच्या मालातील भिजलेले बॉक्स परत आल्यामुळे १८ तारखेला ४,७२५ रुपयांची क्रेडिट नोट निघाली आणि शिल्लक ८२,७२५ राहिली. ही क्रेडिट नोट मूळ बिलातून परस्पर वजा करून बिलच ४३,५७५ रुपयांचे दाखवू नये. ती तिच्या स्वतःच्या तारखेला, स्वतःच्या क्रमांकाने आणि मूळ बिलाच्या क्रमांकाचा उल्लेख करून जमा बाजूला यावी, कारण ग्राहकाच्या वहीत बिल आणि माल परतीची नोंद वेगवेगळ्या तारखांना पडलेली असते.

चेकच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. २२ तारखेला जमा धरलेला ४०,००० रुपयांचा चेक २६ तारखेला न वटता परत आला, तर जमेची नोंद पुसून टाकण्याचा मोह होतो, कारण तसे केल्याने उतारा स्वच्छ दिसतो. तरीही दोन्ही ओळी ठेवाव्यात: २२ तारखेला जमा होऊन शिल्लक ४२,७२५, आणि २६ तारखेला चेक परत म्हणून तीच रक्कम नावे पडून पुन्हा ८२,७२५. ग्राहकाने चेक दिल्याचे त्याच्या वहीत असतेच. तो परत आल्याचेही त्याला उताऱ्यातच दिसले पाहिजे. अखेरीस २९ तारखेच्या २९,४०० रुपयांच्या बिलाने शिल्लक १,१२,१२५ रुपये होते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि घाईत हमखास वगळला जाणारा, पडताळा करावा. बिलवार येणे वेगळे काढून त्याची बेरीज चालू शिल्लकेशी जुळवावी. मार्चच्या बिलाचे उरलेले २,४००, ६ तारखेच्या बिलाचे क्रेडिट नोट वजा जाता ४३,५७५, त्यानंतरचे ३६,७५० आणि २९,४०० मिळून बरोबर १,१२,१२५ होतात. टॅलीत एखादी रक्कम बिलाशी न जोडता ‘ऑन अकाउंट’ ठेवली गेली असेल, तर एकूण शिल्लक बरोबर असूनही जुनी बिले थकलेली दिसतात आणि पैसे भरलेल्या ग्राहकाला त्याच बिलाची आठवण केली जाते.

या पडताळ्यातच ते २,४०० रुपये लक्षात येतात. ग्राहकाच्या वहीत शिल्लक ८०,३२५ निघाली, म्हणजे ३१,८०० चा फरक आहे. त्यातील २९,४०० चा माल २९ तारखेला निघून मे महिन्यात पोहोचला, म्हणून त्याने बिल अजून घेतलेले नाही. हा फरक काळाचा आहे आणि आपोआप मिटेल. उरलेले २,४०० मात्र त्याने मार्चच्या मालात नग कमी आल्याबद्दल कापून घेतले आहेत. ही कपात मान्य असेल तर क्रेडिट नोट काढावी, अमान्य असेल तर तसे लेखी कळवावे. नुसती सोडून दिल्यास ती दर महिन्याच्या उताऱ्यात येत राहते. त्या क्रेडिट नोटने जीएसटीचा बोजाही कमी करायचा असेल, तर संबंधित आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, ती विवरणपत्रात दाखवावी लागते.

पाठवताना उताऱ्याचा कालावधी, ‘नावे म्हणजे आपणाकडून येणे’ हा खुलासा आणि फरक कळवण्याची मुदत स्पष्ट लिहावी. किमान मार्चअखेरच्या उताऱ्यावर शिल्लक मान्य असल्याची तारखेसह सही घ्यावी. मुदत कायद्यानुसार मालाच्या येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी देणे मान्य केल्याची लेखी सही मिळाली तर त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.