प्रेम आटले असे ठरवण्यापूर्वी या चुका टाळा

आठ-दहा वर्षे एकत्र राहिलेली माणसे "आता पूर्वीसारखे काही वाटत नाही" असे म्हणतात, तेव्हा पूर्वी नेमके काय वाटत होते याचा शोध ती क्वचितच घेतात. त्या काळात बहुधा तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्यांपैकी एक ओसरली की तिन्ही गेल्या, असे गृहीत धरले जाते.

पहिली गोष्ट म्हणजे भुरळ. समोरची व्यक्ती पुरेशी माहीत नसते आणि ती मोकळी जागा आपली कल्पना भरून काढते. तिच्या मनात काय आहे याची अनिश्चितता हेच भुरळीचे इंधन असते. एखाद्या निरोपाचे उत्तर तासभर आले नाही तर कामात लक्ष लागत नाही आणि उत्तर आल्यावर त्यातल्या एका साध्या शब्दाचे चार अर्थ लावले जातात. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी 1979 मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले आणि ती साधारणपणे दीड ते तीन वर्षे टिकते, असा अंदाज मांडला. दुसरी गोष्ट उत्कट प्रेम, ज्यात त्या व्यक्तीची ओढ, शारीरिक आकर्षण आणि तिच्या सहवासाने येणारा उत्साह असतो. तिसरी गोष्ट साहचर्याचे प्रेम, म्हणजे जिव्हाळा, विश्वास आणि एकमेकांची आयुष्ये परस्परांत गुंतलेली असल्याची जाणीव.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बेचैनीलाच प्रेमाचे माप मानणे. इटलीतील संशोधक दोनातेला मारात्सीती यांनी 1999 मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांच्या रक्ताची तपासणी केली. मेंदूत संदेश वाहून नेणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एक घटक त्यांच्यात कमी आढळला आणि तो मनोग्रस्तीचा, म्हणजे तेच ते विचार मनातून न हटण्याचा, विकार असलेल्या रुग्णांतही तसाच कमी होता. त्यांतील काही जणांची वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हे प्रमाण पूर्ववत झाले होते. सतत तोच विचार मनात घोळणे हे कायम टिकणारे नसते, आणि ते थांबले म्हणून उत्कटता संपली असेही होत नाही. मानसशास्त्रज्ञ बियांका असेवेडो आणि आर्थर अ‍ॅरन यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून हाच भेद दाखवला: ओढ आणि जवळीक दीर्घ नात्यांतही समाधानाशी जोडलेली असते, मात्र ध्यास नव्या नात्यात उपकारक दिसला तरी जुन्या नात्यात तसा राहत नाही.

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेची आहे आणि माझ्या मते ती अधिक फसवी आहे. उत्कटता कमी होईल आणि तिची जागा साहचर्य आपोआप घेईल, असे समजून माणसे निर्धास्त होतात. नवविवाहितांचा पाठपुरावा करणाऱ्या इलेन हॅटफील्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र दोन्ही प्रकारचे प्रेम काळानुसार उतरताना दिसले. साहचर्य हा उत्कटतेचा उरलेला गाळ नव्हे, त्याची स्वतंत्र जोपासना करावी लागते.

समजा, एका जोडप्याला नऊ वर्षे झाली आहेत. भांडणे नाहीत, घर सुरळीत चालते, पण दोघेही "आपण फक्त सोबत राहतो" असे म्हणतात. येथे आधी हे पाहावे की दिवसभरात काही विशेष घडले तर ते सर्वप्रथम कोणाला सांगावेसे वाटते. उत्तर जोडीदार असेल, तर साहचर्य शाबूत आहे आणि मरगळ उत्कटतेत आहे. ते दुसरेच कोणी असेल, किंवा गेल्या काही महिन्यांत जोडीदाराला कशाची काळजी वाटत आहे हेच ठाऊक नसेल, तर झीज साहचर्याची आहे. पहिल्या स्थितीत आणखी गप्पा मारण्याने फारसे साधत नाही, कारण परिचयाची कमतरता तेथे नसतेच. अ‍ॅरन यांनी 2000 मध्ये जोडप्यांना मनगट आणि घोटा एकमेकांशी बांधून, दोघांमध्ये एक उशी धरून, अडथळ्यावरून रांगत जायला सांगितले. हा सात मिनिटांचा अनोखा खेळ खेळलेल्यांनी नात्याविषयी साधे काम करणाऱ्यांपेक्षा अधिक समाधान व्यक्त केले. दोघांनाही न येणारे काहीतरी एकत्र करणे, हा येथील उपाय आहे. दुसऱ्या स्थितीत मात्र सहलीचा बेत आखून उपयोग नाही. तेथे रोजचे ऐकणे आणि विचारणे पुन्हा सुरू करावे लागते, तेही मध्ये सल्ला न घालता.

या उपायांना मर्यादा आहे. जेथे धाक, अपमान किंवा तिरस्कार आहे, तेथे नावीन्याने काही दुरुस्त होत नाही आणि आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. शिवाय नैराश्य, दीर्घ आजार किंवा औषधांचे परिणाम यांनीही ओढ मंदावते, त्यामुळे बदल अचानक झाला असेल तर नात्याला दोष देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.