काम बंद, व्याज चालू: अर्धवट प्लांटचे ऑडिट करताना या चुका टाळा

जिनिंगवाल्या कंपनीने सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट काढायला घेतला की तिच्या वहीत दोन खाती फुगू लागतात. एक ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’, म्हणजे सीडब्ल्यूआयपी, आणि दुसरे ‘प्रकल्पावरील व्याज’. वर्षअखेर दुसरे खाते पहिल्यात रिकामे होते. बरेच आर्टिकल बँकेच्या स्टेटमेंटवरून व्याजाची बेरीज जुळवतात, टिक मारतात आणि पुढच्या कागदाकडे वळतात. बेरीज बहुतेक वेळा बरोबरच असते. चूक असते ती कोणत्या महिन्यांचे व्याज धरले यात.

समजण्यासाठी एक काल्पनिक पण आपल्याकडे नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर प्लांट उभा राहतो आहे. त्यासाठीच घेतलेले मुदत कर्ज, व्याज १० टक्के. १ एप्रिल २०२३ ला ६ कोटी उचलले, १ ऑक्टोबरला आणखी ६ कोटी. पहिल्या उचलीचे वर्षभराचे व्याज ६० लाख, दुसऱ्याचे सहा महिन्यांचे ३० लाख. कंपनीने पूर्ण ९० लाख सीडब्ल्यूआयपीत टाकले. काम एप्रिलमध्येच सुरू झाले होते आणि प्लांट उभारायला वर्षाहून अधिक काळ लागणार होता. त्यामुळे कर्जावरील खर्चाच्या लेखा मानकाखाली, म्हणजे एएस १६ खाली, व्याज भांडवलात धरायला सुरुवातीला हरकत नव्हती.

या वर्षात साइट दोनदा बंद पडली. जुलै ते सप्टेंबर पावसामुळे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेकेदाराशी दराचा वाद झाल्यामुळे. दोन्ही बंद एकाच मापाने मोजणे ही यातली सर्वांत मोठी चूक. ती दोन्ही बाजूंनी होते. कोणी सातही महिन्यांचे व्याज आत ठेवतो, तर कोणी कडकपणा दाखवायला सातही महिने बाहेर काढतो.

पावसाळ्याचे आधी पाहू. काळ्या मातीत पायाचे खड्डे खोदले की जुलैत त्यात पाणी साचते, माती फुगते, काँक्रीट टाकताच येत नाही. प्रकल्प आखणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि ते वेळापत्रकात धरलेलेही असते. मानकात नदीवरच्या पुलाचे उदाहरण आहे: त्या भागात त्या काळात पाणी वाढणे नेहमीचे असेल, तर त्यासाठी थांबलेले काम खंडित झाले असे मानत नाहीत. इथेही तेच लागू होते. हे तीन महिने व्याज आतच राहील. फक्त मूळ वेळापत्रकाची प्रत फाइलला लावा. ‘पावसाळा होता’ एवढ्या तोंडी उत्तरावर भागवू नका.

ठेकेदाराच्या वादाचे तसे नाही. वाद हा प्लांट बांधण्याच्या प्रक्रियेचा आवश्यक भाग नव्हे. काम दीर्घकाळ खंडित असेल, तर त्या काळाचे व्याज नफा-तोटा पत्रकात जायला हवे. यावर मालकाचे ठरलेले उत्तर येते: “साहेब, बँक व्याज घेतेच ना? कर्ज तर प्लांटचंच आहे!” कर्ज प्लांटचे आहे हे खरेच. पण त्या चार महिन्यांत त्या पैशाने प्लांट एक पाऊलही पुढे सरकला नाही. पैसा अडकवून ठेवण्याचा तो खर्च आहे, प्लांट बनवण्याचा नाही.

खरी मेहनत आहे ती काम बंद होते हे शोधण्यात, कारण कोणी आपणहून सांगत नाही. तुम्ही मेमध्ये साइटवर जाता तेव्हा मिक्सर फिरत असतो, मजूर असतात, सगळे चालूच दिसते. अशा वेळी चौकीदाराजवळ दोन मिनिटे उभे राहा. “दिवाईच्या आंधीच ठेकेदाराचे मानसं गेले, संक्रांत झाली तरी कोनी आलं नाई,” एवढे एक वाक्य पुरते. पण ते पुरावा नव्हे, फक्त कुठे खणायचे ते कळते. मग गेटचे आवक रजिस्टर मागवा. सिमेंट, गिट्टी, लोखंडाच्या शेवटच्या गाडीची तारीख पाहा आणि त्यानंतरची पुढची तारीख पाहा. महावितरणची तात्पुरत्या जोडणीची बिले काढा. ऑक्टोबरात २,८०० युनिट आणि डिसेंबरात १४० युनिट असतील, तर डिसेंबरात चौकीदाराच्या खोलीतला दिवाच जळत होता. माझ्या मते या कामात विजेच्या बिलाइतका प्रामाणिक कागद दुसरा नाही, कारण ते बनवताना कोणाच्या डोक्यात ऑडिट नसते.

रनिंग बिलाची तारीख मात्र हमखास फसवते. आपल्या उदाहरणात पाचवे रनिंग बिल २० डिसेंबरचे आहे, म्हणून अकाउंटंट म्हणतो डिसेंबरात काम चालू होते. मोजमाप वही उघडली तर त्या बिलातली शेवटची नोंद २८ ऑक्टोबरची. काम जुने, बिल नवे. बिल मोजमाप वहीशी ताडल्याशिवाय कामाचा महिना ठरवूच नका.

आणखी एक बचाव येतो आणि तो कधीकधी खराही असतो: साइट बंद असली तरी एक्स्ट्रॅक्टर आणि बॉयलर कारखान्यात तयार होत होते. तसे असेल तर प्लांटचे भरीव काम चालूच होते, व्याज थांबवायची गरज नाही. पण त्याला पुरवठादाराचे टप्प्याटप्प्याचे तपासणी अहवाल हवेत. या कंपनीच्या फाइलमध्ये उलट पत्र निघाले: यंत्रे ऑक्टोबरात तयार आहेत, पाया झालेला नसल्याने पाठवणी रोखली आहे. बचाव तिथेच संपला.

आता हिशेब. बंद चार महिन्यांत उचललेले कर्ज १२ कोटी, महिन्याचे व्याज १० लाख, म्हणजे ४० लाख नफा-तोट्यात. याशिवाय पहिल्या उचलीतले २ कोटी एप्रिल ते जून ६ टक्क्यांच्या मुदत ठेवीत होते. त्याचे ३ लाख व्याज कंपनीने ‘इतर उत्पन्न’ दाखवले. प्लांटसाठीच्या कर्जाचे पैसे तात्पुरते गुंतवले, तर त्याचे उत्पन्न भांडवलात जाणाऱ्या व्याजातून वजा करतात. म्हणून ९० मधून ४० आणि ३ वजा जाता सीडब्ल्यूआयपीत ४७ लाख राहतील आणि वर्षाचा करपूर्व नफा ४३ लाखांनी घटेल.

हाच पैसा ठेवीऐवजी हंगामात कापूस खरेदीत फिरला असता तर गोष्ट वेगळी होती. त्या रकमेचे व्याज प्लांटचे राहतच नाही. शिवाय मुदत कर्ज ज्या कामासाठी घेतले त्यालाच वापरले का, हे ऑडिट अहवालासाठीच्या कारो २०२० या आदेशाखाली सांगावे लागते. जिनिंगच्या खात्याकडे गेलेल्या गोल रकमा डिसेंबर-जानेवारीच्या स्टेटमेंटमध्ये नजरेने शोधा.

कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमधल्या सीडब्ल्यूआयपीच्या वयवारीत ‘तात्पुरते स्थगित’ अशी वेगळी ओळ आहे. इथे मार्चपासून काम पुन्हा सुरू झाले, म्हणून ३१ मार्चला प्रकल्प ‘चालू’ गटातच दाखवायचा. बंद काळाचे व्याज बाहेर काढले म्हणून त्याला स्थगित ठरवू नका. मात्र पूर्ण होण्याची मूळ मुदत उलटली असेल किंवा खर्च मूळ अंदाजाबाहेर गेला असेल, तर तो कधी पूर्ण होणार याचा वेगळा तक्ता लागतो.

पुढच्या वर्षासाठी आताच एक नोंद करून ठेवा. समजा प्लांट जूनमध्ये तयार झाला, चाचणीही झाली, पण सोयाबीन येणार ऑक्टोबरात. मालक तोवरचे व्याज भांडवलात धरू पाहील. प्लांट वापरायला तयार झाला त्या दिवशी ते थांबते, मालाची वाट पाहणे त्यात बसत नाही. त्यासाठी चाचणीचा अहवाल आणि बॉयलरच्या परवानगीचा कागद जूनमध्येच मागून घ्या, हंगाम लागल्यावर ते शोधायला कोणाला वेळ नसतो.